प्रकल्पातला दुसरा निर्णय

कारखान्यासाठी कर्ज मागायला जाताना जो प्रोजेक्ट रिपोर्ट बँकेत द्यावा लागतो, त्यात एक तक्ता हमखास असतो. आडवी वर्षे, उभी खाती: विक्री, कच्चा माल, वीज, मजुरी, कर आणि सर्वांत खाली दरवर्षी हातात उरणारी रोकड. आठ-दहा वर्षांच्या या रकमांची आजची किंमत काढायची आणि तिच्यातून गुंतवणूक वजा करायची. उरते ते निव्वळ वर्तमान मूल्य. ते शून्याच्या वर असेल तर प्रकल्प करावा, खाली असेल तर करू नये, असा सरळ नियम आहे.

नियम चुकीचा नाही. पण या तक्त्याने एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते. कारखाना एकदा सुरू झाला की पुढची आठ वर्षे मालक काहीच करणार नाही, असे तो धरून चालतो. माल पडून राहिला तरी मालक शटर ओढणार नाही आणि मागणी दारात उभी राहिली तरी दुसरे यंत्र आणणार नाही. प्रत्यक्षात कुठलाही शहाणा उद्योजक असा वागत नाही. पहिला हंगाम पाहून तो ठरवतो की वाढवायचे, तसेच चालवायचे की विकून मोकळे व्हायचे.

हा नंतर घ्यायचा निर्णय म्हणजे प्रकल्पासोबत आलेला एक हक्क असतो. वाढवण्याचा हक्क आणि सोडून देण्याचा हक्क, दोघांचीही किंमत रुपयांत काढता येते. ती न काढल्यामुळे बरेच चांगले प्रकल्प कागदावरच मरतात. काही वाईट प्रकल्प मात्र "पुढे वाढवू की" एवढ्या एका वाक्यावर मंजूर होतात. ही किंमत काढण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे निर्णयवृक्ष. कागद, पेन आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर ते काम भागते.

चौकोन आणि वर्तुळ

भांडवली गुंतवणुकीसाठी ही पद्धत उद्योजकांपर्यंत पोहोचवली ती आर्थर डी. लिटल या अमेरिकी सल्लागार संस्थेतल्या जॉन मॅगी यांनी. १९६४ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्यांचे यावर लेख आले. उदाहरणासाठी त्यांनी एक काल्पनिक रसायन कंपनी घेतली होती. नवे उत्पादन दहा वर्षे चालेल असा अंदाज आहे. मग आजच मोठा कारखाना बांधायचा, की आज छोटा बांधून दोन वर्षांनी मागणी पाहून वाढवायचा? आपल्याकडचा प्रत्येक लघुउद्योजक हाच प्रश्न स्वतःला विचारत असतो.

वृक्ष आडवा काढतात, मूळ डावीकडे आणि फांद्या उजवीकडे. जिथे निर्णय आपल्या हातात आहे तिथे चौकोन काढायचा, जिथे तो बाजाराच्या किंवा निसर्गाच्या हातात आहे तिथे वर्तुळ. वर्तुळातून निघणाऱ्या प्रत्येक फांदीवर तिची शक्यता लिहायची आणि शेवटच्या टोकाला त्या वाटेने गेल्यावर हाती येणारी रक्कम.

वृक्ष काढायचा डावीकडून उजवीकडे, पण हिशेब करायचा उजवीकडून डावीकडे. याला एक कारण आहे. आज काय करावे हे ठरवण्यासाठी आधी हे ठाऊक हवे की वर्षभराने त्या-त्या परिस्थितीत आपण काय करणार आहोत. म्हणून शेवटच्या चौकोनापासून सुरुवात करायची. प्रत्येक चौकोनाशी सर्वांत फायद्याची फांदी ठेवून बाकीच्या छाटायच्या आणि प्रत्येक वर्तुळाशी शक्यतेनुसार सरासरी काढायची. असे मागे मागे येत आजच्या चौकोनापर्यंत पोहोचले की उत्तर समोर असते.

दिंडोरीतला गोठवणीचा प्रकल्प

एक उदाहरण सविस्तर सोडवू. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण प्रश्न अगदी ओळखीचा आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी मधुमका, हिरवा वाटाणा आणि डाळिंबाचे दाणे गोठवून विकायचा विचार करते आहे. यासाठी जी यंत्रणा लागते तिला व्यवहारात आयक्यूएफ लाइन म्हणतात. उणे ३५ अंशांच्या आसपासच्या थंड हवेच्या झोतात प्रत्येक दाणा सुटा गोठतो आणि मग पाकिटे उणे १८ अंशांच्या खोलीत ठेवली जातात. जागा, खोल्या, कॉम्प्रेसर, गोठवणीचा बोगदा आणि सुरुवातीचे खेळते भांडवल मिळून खर्च १० कोटी रुपये.

माल पिकतो यात शंका नाही. शंका आहे ती गिऱ्हाइकाची. हॉटेलांना माल पुरवणारे आणि निर्यातदार "माल द्या, पाहू" म्हणतात, लेखी काही देत नाहीत. संचालक मंडळाच्या मते मागणी चांगली निघण्याची शक्यता निम्मी आणि मंद निघण्याची निम्मी. नक्की काय ते पहिल्या वर्षाअखेर कळेल.

मागणी चांगली निघाली तर पहिल्या वर्षी २ कोटी आणि नंतरची सात वर्षे दरवर्षी अडीच कोटी हातात उरतील. मंद निघाली तर पहिल्या वर्षी ५० लाख आणि नंतर दरवर्षी ९० लाख. शेवटी यंत्रे विकून जे येईल तेही या सरासरीतच धरले आहे. सभासदांचा पैसा अशाच जोखमीच्या दुसऱ्या धंद्यात गुंतवला असता तर १२ टक्के मिळाले असते असे मानू; म्हणजे भविष्यातली रक्कम आजच्या किमतीत आणण्याचा दर १२ टक्के.

या दराने पुढची सात वर्षे दरवर्षी मिळणाऱ्या १ रुपयाची किंमत ४ रुपये ५६ पैसे होते. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचे सोपे आहे. अडीच कोटींना ४.५६ ने गुणले की ११ कोटी ४० लाख येतात, ९० लाखांना गुणले की ४ कोटी १० लाख. म्हणजे पहिल्या वर्षाअखेर उभे राहून पाहिले तर चांगल्या फांदीच्या टोकाला त्या वर्षाचे २ कोटी धरून १३ कोटी ४० लाख आहेत. मंद फांदीच्या टोकाला ५० लाख धरून ४ कोटी ६० लाख. दोन्हींची सरासरी ९ कोटी. ती वर्षभर मागे आणण्यासाठी १.१२ ने भागली की आजची किंमत ८ कोटी ४ लाख. गुंतवायचे आहेत १० कोटी. उत्तर उणे १ कोटी ९६ लाख.

नेहमीच्या पद्धतीने गेले तर फाइल इथे बंद होते.

आता दुसरा चौकोन काढू

वरच्या हिशेबात वर्षाअखेर निर्णयाची जागाच नव्हती. दोन्ही फांद्यांवर तिथे एकेक चौकोन काढू.

मंद फांदीवरच्या चौकोनातून दोन वाटा निघतात. एक, तसेच चालवत राहणे. तिची किंमत आपण काढली, ४ कोटी १० लाख. दुसरी, विकून टाकणे. जागेला गिऱ्हाईक आहे. थंड खोल्या आणि कॉम्प्रेसर आइस्क्रीमचा किंवा औषधांचा साठा करणारे घेतील. गोठवणीचा बोगदा मात्र निम्म्या किमतीलाही जाईल की नाही शंका. हे सगळे धरून, कर आणि कामगारांची देणी वजा करून, ६ कोटी १० लाख हातात येतील असा अंदाज आहे. ४ कोटी १० लाखांचा धंदा चालवत बसण्यापेक्षा ६ कोटी १० लाख घेऊन मोकळे होणे बरे. म्हणून 'चालू ठेवा' ही फांदी छाटली. मंद टोकाची किंमत आता ५० लाख अधिक ६ कोटी १० लाख, म्हणजे ६ कोटी ६० लाख झाली.

चांगल्या फांदीवरच्या चौकोनात विकण्याचा प्रश्नच येत नाही. तिथला प्रश्न आहे दुसरी लाइन टाकण्याचा. तिला ६ कोटी लागतील आणि तिच्यातून दरवर्षी २ कोटी २० लाख जादा उरतील. ४.५६ ने गुणले की साधारण १० कोटी. ६ कोटी घालून १० कोटी मिळत असतील तर वाढवायचे. चांगल्या टोकाच्या १३ कोटी ४० लाखांत या ४ कोटींची भर पडली, १७ कोटी ४० लाख झाले.

आता पुन्हा सरासरी काढू. १७ कोटी ४० लाख आणि ६ कोटी ६० लाख यांची सरासरी १२ कोटी. तिला १.१२ ने भागले की १० कोटी ७१ लाख. १० कोटी वजा केले की अधिक ७१ लाख.

यंत्र तेच, बाजार तोच, शक्यताही त्याच. उणे १ कोटी ९६ लाखांचा प्रकल्प अधिक ७१ लाखांचा झाला. मधले २ कोटी ६७ लाख ही दोन हक्कांची किंमत आहे. फक्त विकण्याचा हक्क धरला तर सरासरी ९ वरून १० कोटींवर जाते; आजच्या भावाने त्या हक्काची किंमत ८९ लाख. फक्त वाढवण्याचा धरला तर ११ कोटींवर जाते. त्याची किंमत १ कोटी ७८ लाख. या उदाहरणात कुठलाही एक हक्क एकटा प्रकल्पाला तारत नाही. फक्त विक्री धरली तर उत्तर उणे १ कोटी ७ लाख, फक्त वाढ धरली तर उणे १८ लाख. दोन्ही असले तरच प्रकल्प उभा राहतो.

शक्यता कुठून आणायची?

इथे जाणकार वाचक हात वर करेल. निम्मी-निम्मी शक्यता कोणी ठरवली? संचालकांनी, अंदाजाने. मग त्यावर उभ्या राहिलेल्या ७१ लाखांना काय अर्थ?

या शंकेला उत्तर आहे, पण त्यासाठी प्रश्न उलटा विचारावा लागतो. शक्यता किती आहे हे विचारण्याऐवजी, ती किती असली म्हणजे प्रकल्प जेमतेम शून्यावर येतो हे विचारायचे. १० कोटी भरून निघायला वर्षाअखेरची सरासरी ११ कोटी २० लाख हवी. निर्णयाचे हक्क न धरता हा हिशेब केला तर मागणी चांगली निघण्याची शक्यता ७५ टक्के असावी लागते. दोन्ही हक्क धरले तर सुमारे ४३ टक्के पुरते.

आता वाद सोपा झाला. नेमकी शक्यता ५० आहे की ५५, यावर कोणालाच छातीठोकपणे बोलता येणार नाही. पण "चारांतल्या तीन वेळा बाजार आपल्या बाजूने जाईल असे वाटते का?" आणि "निम्म्याला थोडे कमी इतकी तरी आशा आहे का?" या दोन प्रश्नांची उत्तरे संचालक मंडळ बैठकीत देऊ शकते. निर्णयवृक्षाने अनिश्चितता जात नाही. नेमक्या कोणत्या आकड्याबद्दल आपली खात्री असायला हवी, एवढे मात्र तो दाखवतो.

हक्क फुकट मिळत नाही

दुसरी लाइन वर्षभराने टाकायची तर तिच्यासाठी जागा आजच हवी. विजेचा मंजूर भार, ट्रान्सफॉर्मर, सांडपाण्याची सोय, अमोनियाच्या मुख्य नळीचा व्यास, या सगळ्यांत आजच थोडे जास्त पैसे घालावे लागतात. शेजारचा भूखंड आज घेतला नाही आणि वर्षभरात तो दुसऱ्याने घेतला, तर वाढवण्याचा हक्क कागदावरच राहतो.

या तजविजीला ४० लाख लागणार असतील तर घालावेत का? 'लागेल तेव्हा बघू' म्हणून खर्च वाचवणारे संचालक इथे चुकतात. वाढीचा हक्क १ कोटी ७८ लाखांचा आहे. तो ४० लाखांत राखता येत असेल तर सौदा चांगला आहे. खर्च धरूनही प्रकल्प ३१ लाखांनी फायद्यात राहतो. मात्र तजविजीवर ७१ लाखांपेक्षा जास्त लागत असतील तर सगळा प्रकल्पच पुन्हा शून्याखाली जातो. वाढीव जागेचा खर्च 'चैन' की 'गरज' हा वाद आकड्यावर असा मिटतो.

मग आजच दोन्ही लाइन का टाकू नयेत? मॅगी यांचा मूळ प्रश्न हाच होता. एकदम बांधले तर स्वस्त पडते. १६ कोटींचे काम समजा साडेचौदा कोटींत होईल. मागणी चांगली निघाली तर पहिल्या वर्षाचे २ कोटी आणि दोन्ही लाइनचे पुढचे २१ कोटी ४० लाख मिळून २३ कोटी ४० लाख. मंद निघाली तर मोठ्या कारखान्याचा खर्च अंगावर येऊन पहिल्या वर्षी जेमतेम २० लाख उरतील आणि विक्रीतून ८ कोटी २० लाख येतील. एकूण ८ कोटी ४० लाख. सरासरी १५ कोटी ९० लाख, आजची किंमत १४ कोटी २० लाख. साडेचौदा कोटी घालून ३० लाखांचे नुकसान. दीड कोटी वाचवण्याच्या नादात आपण वाट पाहून ठरवण्याचा हक्क सोडून दिला आणि तो त्याहून महाग होता. मागणीची खात्री वाढत गेली तर मात्र चित्र बदलते. शंका कमी तितकी वाट पाहण्याची किंमत कमी, आणि मग एकदम मोठे बांधणेच शहाणपणाचे ठरते.

हिशेब कुठे फसतो

पहिला धोका विक्रीच्या किमतीत आहे. आपण ६ कोटी १० लाख धरले, पण ती विक्री कधी होणार? मागणी मंद असताना. त्या वेळी गोठवलेल्या मालाचा सगळा धंदाच मंद असेल तर तालुक्यातले आणखी दोन प्रकल्पही विकायला निघालेले असतील आणि भाव पडलेला असेल. म्हणजे ज्या दिवशी विकण्याचा हक्क वापरायचा, नेमक्या त्याच दिवशी त्याची किंमत घसरते. आपल्या उदाहरणात विक्रीतून साडेचार कोटीच आले तर प्रकल्पाचा सगळा ७१ लाखांचा फायदा पुसला जातो. म्हणून विक्रीची किंमत धरताना आपल्याच धंद्यातल्या खरेदीदाराकडे बघू नये. दुसऱ्या धंद्याला उपयोगी पडणाऱ्या वस्तूंवर, म्हणजे जागा, थंड खोल्या, विजेची जोडणी यांवर भर द्यावा. यंत्र विकणाऱ्याकडून ठरावीक किमतीला परत घेण्याची लेखी हमी मिळत असेल तर तिच्यासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

विकण्याचा हक्क खरोखर आपल्याच हातात आहे का, हेही तपासायला हवे. यंत्रे बँकेकडे तारण असतात. बँकेच्या ना-हरकत पत्राशिवाय ती हलत नाहीत. एमआयडीसीचा भूखंड हस्तांतरित करायला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते. अनुदान घेतले असेल तर त्याच्या अटी लागू असतात. हे सगळे वजा करून जी रक्कम आणि जो काळ उरतो, तीच वृक्षावर लिहायची.

दुसरा धोका पहिल्या वर्षाच्या निकालात आहे. वर्षाअखेर मागणी चांगली की मंद हे स्वच्छ कळेल असे आपण धरले. पण त्या वर्षी अवकाळी पावसाने मकाच हाती आला नाही आणि विक्री कमी झाली, तर तो बाजाराचा कौल नव्हे. उलट, कुतूहलापोटी आलेल्या पहिल्या ऑर्डरी भरपूर असल्या तरी त्यावर दुसरी लाइन टाकणे धोक्याचे आहे. पहिल्या ऑर्डरीपेक्षा त्याच गिऱ्हाइकाची दुसरी आणि तिसरी ऑर्डर अधिक खरे सांगते. निकाल जितका धूसर तितकी हक्काची किंमत कमी, कारण वर्षभराने आपण पुन्हा आजच्यासारखेच अंधारात असू. दुसऱ्याच्या कारखान्यात भाड्याने माल गोठवून आधीच एक हंगाम विकून पाहता आला, तर हीच माहिती १० कोटी घालण्यापूर्वीच मिळते.

तिसरी मर्यादा पद्धतीतच आहे. आपण सगळीकडे १२ टक्के एकच दर लावला. खरे तर चौकोन आल्यामुळे जोखीमच बदलते. विकायची किंमत लेखी ठरली असेल तर ती फांदी जवळपास बिनधोक्याची होते. तिला १२ टक्के दर जास्त आहे. वाढीची फांदी मात्र जादा जोखमीची असू शकते. शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढण्याच्या १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्रानंतर हा प्रश्न वित्तशास्त्रात नीट मांडला गेला. १९७७ मध्ये स्ट्युअर्ट मायर्स यांनी अशा हक्कांना 'रिअल ऑप्शन' हे नाव दिले. तेल, खाणी, औषधसंशोधन अशा क्षेत्रांत, जिथे मूळ वस्तूचा बाजारभाव रोज कळतो किंवा रकमा प्रचंड असतात, तिथे ती गणिते वापरणे योग्य आहे. दिंडोरीतल्या कंपनीला मात्र निर्णयवृक्ष पुरतो. दर १० टक्के आणि १५ टक्के धरून हिशेब पुन्हा करून पाहावा. दोन्ही वेळा निर्णय तोच राहिला तर दराचा वाद बाजूला ठेवता येतो. बदलला तर निर्णय काठावरचा आहे हे कळते, आणि तेही कळायला हवेच.

दाभोळमध्ये गमावलेला हक्क

असा हक्क हातचा घालवल्याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये जो करार केला, त्यात मंडळ पहिल्या टप्प्यापुरते बांधलेले होते. दुसरा, त्याहून बराच मोठा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या इच्छेवर होते. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिल्या वर्तुळानंतर मंडळाकडे एक चौकोन होता. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि मग फेरवाटाघाटी झाल्या. १९९६ च्या सुधारित करारात दोन्ही टप्पे बंधनकारक झाले: ७४० आणि १,४४४ मेगावॅट. तेव्हा पहिल्या टप्प्यातून विजेचे एक युनिटही आलेले नव्हते. ते यायला १९९९ चा मे उजाडला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि दुसऱ्या टप्प्याचे काम अर्धवट थांबले.

त्या वादात दराची चर्चा खूप झाली आणि व्हायलाच हवी होती. पण पहिला टप्पा कसा चालतो ते पाहून दुसऱ्याचे ठरवण्याचा हक्क सोडून देताना त्याची किंमत किती होती, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्यासारखा होता. विजेची मागणी, इंधनाचा भाव, डॉलरचा दर, तिन्ही अनिश्चित होते. अनिश्चितता जितकी मोठी तितका थांबून ठरवण्याचा हक्क महाग, आणि असा हक्क सोडताना त्याच्या बदल्यात काय मिळते आहे हे आकड्यात दिसायला हवे.

आजच लिहून ठेवायचे कागद

वृक्षावर फांदी छाटायला पेनाची एक रेघ पुरते. खऱ्या कारखान्यात सभासदांसमोर उभे राहून "पहिल्या वर्षीच विकून टाकतो आहोत" असे सांगणे फार अवघड असते. १० कोटी घातले आहेत, आणखी एक हंगाम पाहू, मग आणखी एक. आणि दर हंगामाला विक्रीची किंमत खाली येत जाते. घातलेले १० कोटी त्या दिवशी हिशेबात यायलाच नकोत, कारण चालू ठेवले काय किंवा विकले काय, ते परत येणार नाहीत. प्रश्न फक्त पुढचा असतो: पुढच्या सात वर्षांत जास्त मिळणार, की आज विकून? विकण्याची हिंमत होणार नसेल तर ८९ लाखांचा तो हक्क हिशेबात धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग उत्तर उणे १८ लाख आहे आणि प्रकल्प सुरूच करू नये.

म्हणून अटी आजच, डोके थंड असताना ठरवायच्या, आणि त्या याच वृक्षातून निघतात. विक्रीची किंमत ६ कोटी १० लाख असेल तर तिला ४.५६ ने भागा: दरवर्षी १ कोटी ३४ लाखांपेक्षा कमी उरण्याची चिन्हे असतील तर विकायचे. दुसऱ्या लाइनच्या ६ कोटींना ४.५६ ने भागा: तिच्यातून १ कोटी ३२ लाखांपेक्षा जास्त उरणार असतील तरच वाढवायचे. या दोहोंच्या मध्ये असाल तर आहे तसे चालवायचे.

प्रोजेक्ट रिपोर्टच्या त्या लांबलचक तक्त्याखाली आणखी चार ओळी लिहिता येतात. निर्णय कोणत्या तारखेला घेणार, कोणता आकडा पाहून घेणार, त्या दिवशी विक्रीची किंमत कोणाकडून लेखी मागवणार, आणि ठराव मांडण्याची जबाबदारी कोणाची. संचालक मंडळाने या ओळींवर सह्या केल्या तरच ७१ लाख हा आकडा खरा. नसतील करणार, तर बँकेला उणे १ कोटी ९६ लाखांचाच प्रकल्प दाखवावा.